ओळख आणि अधिकार : दोन प्रश्नांची फारकत

संगणकप्रणालीतील प्रवेश-नियंत्रणाचा सारा विचार दोन प्रश्नांभोवती फिरतो. समोरून मागणी करणारा कोण आहे, हा पहिला प्रश्न. आणि तो जे मागतो आहे ते त्याला देता येईल का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची उकल करण्याच्या क्रियेला ऑथेंटिकेशन म्हणतात आणि दुसऱ्याची उकल करण्याच्या क्रियेला ऑथोरायझेशन. दोन्ही शब्दांचे तोंड सारखे असल्याने आणि प्रोग्रामर मंडळी दोहोंनाही ‘ऑथ’ असे एकच तोडके नाव देत असल्याने नवशिक्याचा घोटाळा होतो, हे खरे. परंतु या घोटाळ्याचे मूळ केवळ शब्दसाम्यात नाही. व्यवहारात हे दोन्ही प्रश्न बहुधा एकामागोमाग विचारले जातात आणि पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे मानण्याची सवय माणसाला जडलेली असते, म्हणून घोटाळा शब्द बदलल्यानेही संपत नाही.

मराठी पर्यायांनी फारशी मदत होत नाही. ‘प्रमाणीकरण’ हा शब्द आधार पडताळणीमुळे रुळला आहे, पण त्याचा जोडीदार म्हणून सुचवला जाणारा ‘प्राधिकरण’ हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रस्ते आखणारे किंवा घरे बांधणारे सरकारी मंडळच उभे राहते. म्हणून पुढील विवेचनात ऑथेंटिकेशनसाठी ‘ओळखपडताळणी’ आणि ऑथोरायझेशनसाठी ‘अधिकारतपासणी’ असे सरळ अर्थ सांगणारे शब्द योजले आहेत.

या दोन क्रिया परस्परांपासून किती वेगळ्या आहेत हे पाहण्यासाठी संगणकाच्या पडद्यामागे शिरण्याआधी रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्राकडे पाहणे सोयीचे ठरेल, कारण तेथे दोन्ही क्रिया काउंटरवर उघड्या दिसतात. दुकानदार शिधापत्रिकेचा क्रमांक यंत्रात भरतो, त्या पत्रिकेवरील सदस्यांची नावे पडद्यावर येतात, धान्य न्यायला आलेल्या सदस्याचे नाव निवडले जाते आणि तो सदस्य यंत्रावर अंगठा ठेवतो. अंगठ्याचा ठसा त्या सदस्याच्या आधार क्रमांकाशी नोंदलेल्या ठशाशी जुळतो की नाही, एवढेच पडताळून केंद्रीय यंत्रणा होय किंवा नाही असे उत्तर देते. ही झाली ओळखपडताळणी. त्या उत्तरात तांदूळ-गव्हाचा उल्लेख कोठेही नसतो. किती किलो द्यायचे हे वेगळ्याच नोंदींवरून ठरते : राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, 2013 प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दरमाणशी दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कुटुंबामागे 35 किलो धान्याचा हक्क आहे, आणि ते कुटुंब कोणत्या यादीत आहे व या महिन्याचा कोटा आधीच उचलला गेला आहे काय, हे पाहणे म्हणजे अधिकारतपासणी.

या दोहोंपैकी एक क्रिया फसली आणि दुसरी शाबूत राहिली की त्यांचे वेगळेपण लख्ख दिसते. शेतात किंवा बांधकामावर राबून ज्याच्या बोटांच्या रेघा झिजल्या आहेत अशा माणसाचा ठसा जुळत नाही. त्याचा धान्यावरचा हक्क तसूभरही कमी झालेला नसतो, पण तो कोण हे यंत्राला पटत नाही. याउलट ज्याचे नाव यादीतून वगळले गेले आहे त्याचा ठसा पहिल्या फटक्यात जुळतो, तो कोण याविषयी कोणालाही शंका नसते, आणि तरीही त्याला धान्य मिळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही रिकामी पिशवी घेऊन परतताना दिसतात. परंतु पहिल्याची तक्रार ठसा घेण्याच्या व्यवस्थेशी आहे आणि दुसऱ्याची पुरवठा कार्यालयातील यादीशी, आणि एकाची तक्रार दुसऱ्याच्या खिडकीवर नेली तर तिचा निकाल कधीच लागणार नाही. आधार अधिनियम, 2016 च्या कलम 9 मध्येही हाच भेद कायद्याच्या भाषेत आला आहे : आधार क्रमांक किंवा त्याची पडताळणी यांमुळे आपोआप नागरिकत्वाचा वा अधिवासाचा हक्क प्राप्त होत नाही आणि ती त्याचा पुरावाही ठरत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये याच दोन क्रिया अदृश्य होतात आणि त्यांच्यातील अंतर काळाच्या दृष्टीने वाढते. वापरकर्ता सकाळी एकदा पासवर्ड टाइप करतो, मोबाइलवर आलेला ओटीपी भरतो आणि आत येतो. सर्व्हर, म्हणजे मागण्या स्वीकारून उत्तरे देणारा दूरस्थ संगणक, या वेळी पासवर्ड पडताळून एक लांबलचक, अंदाज करता येणार नाही अशी यादृच्छिक अक्षरमाला तयार करतो, ती ब्राउझरला देतो आणि आपल्या नोंदवहीत ही अक्षरमाला अमुक सभासदाची अशी नोंद ठेवतो. या चालू ओळखीला सेशन म्हणतात. त्यानंतर ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत ती अक्षरमाला आपणहून पाठवतो, कारण वेबच्या मूळ रचनेत प्रत्येक मागणी सुटी असते आणि मागची मागणी कोणाची होती हे सर्व्हरला अन्यथा आठवत नसते. म्हणजे पासवर्ड मागून केलेली ओळखपडताळणी दिवसातून एकदा होते आणि पुढे तिचा केवळ दाखला दाखवला जातो. अधिकारतपासणी मात्र प्रत्येक मागणीला, आणि त्या मागणीत ज्या वस्तूला हात घातला जात आहे त्या प्रत्येक वस्तूसाठी, नव्याने करावी लागते. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 साली संगणकातील माहितीच्या संरक्षणावरील आपल्या निबंधात जी रचनातत्त्वे मांडली, त्यांत प्रत्येक वस्तूकडे होणारा प्रत्येक प्रवेश तपासला गेला पाहिजे हे एक ठळक तत्त्व आहे. इतक्या वर्षांनंतरही सर्वाधिक मोडले जाणारे तत्त्व बहुधा तेच असावे.

ते कसे मोडते हे समजण्यासाठी एका कल्पित सहकारी गृहनिर्माण संस्थेचे देखभाल-बिलांचे सॉफ्टवेअर घेऊ. संस्थेत 120 सदनिका आहेत, दर महिन्याला प्रत्येक सदनिकेचे एक बिल तयार होते आणि बिलांना ओळीने क्रमांक पडतात. सदनिका क्रमांक 302 चा सभासद लॉगिन करतो आणि ‘माझे बिल’ या दुव्यावर बोट ठेवतो, तेव्हा त्याचा ब्राउझर सर्व्हरकडे पुढील मागणी पाठवतो :

```
GET /bills/4127
```

सर्व्हर सोबत आलेली सेशनची अक्षरमाला पाहतो, ती खरी असल्याची खात्री करतो आणि 4127 क्रमांकाचे बिल काढून देतो. सारे सुरळीत झाले. आता त्याच सभासदाने, कुतूहलाने किंवा नुसत्या बोटाच्या चुकीने, पत्त्यातील शेवटचा आकडा बदलून 4128 केला, तर सर्व्हर पुन्हा तीच खात्री करतो. लॉगिन झालेले आहे, अक्षरमाला खरी आहे, आणि म्हणून तो डेटाबेसला विचारतो :

```
SELECT * FROM bills WHERE id = 4128;
```

पडद्यावर 303 क्रमांकाच्या शेजाऱ्याचे बिल, त्याची थकबाकी, त्यावरचे व्याज आणि मोबाइल क्रमांक हे सर्व येते. येथे कोणताही पासवर्ड फुटलेला नाही, कोणीही दुसऱ्याचे सोंग घेतलेले नाही. ओळखपडताळणीने आपले काम चोख केले आहे. चूक एवढीच की मागणी करणारा कोण हे कळल्यावर, हे बिल त्याचे आहे काय, असे कोणी विचारलेच नाही. या दोषाला जाणकार ‘वस्तूच्या पातळीवरील अधिकारतपासणीचा अभाव’ असे भारदस्त नाव देतात. तो दिसायला क्षुल्लक असला तरी त्याची व्याप्ती क्षुल्लक नसते, कारण एकेक आकडा वाढवत जाणारी चार ओळींची आज्ञावली संस्थेची सर्व बिले काही मिनिटांत उतरवून घेऊ शकते. 2011 साली सिटीबँकेच्या अमेरिकेतील 3 लाख 60 हजारांहून अधिक कार्डखात्यांची माहिती चोरीस गेली, तेव्हाच्या वृत्तांनुसार चोरांनी खरे लॉगिन करून आत शिरल्यावर पत्त्यातील खातेक्रमांकाचा भाग बदलण्याचीच युक्ती वापरली होती. वेब-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपी या संस्थेच्या प्रमुख दहा धोक्यांच्या यादीत अधिकारतपासणीतील दोष 2017 मध्ये पाचव्या स्थानावर होते. 2021 च्या यादीत ते पहिल्या स्थानावर आले.

दोष दुरुस्त करण्याचे काही प्रयत्न दिखाऊ असतात आणि नवशिक्याने ते ओळखायला शिकले पाहिजे. पहिला म्हणजे दुसऱ्याच्या बिलाचा दुवा पडद्यावर दाखवायचाच नाही. पण दुवा लपवल्याने मागणी पाठवण्याचा मार्ग बंद होत नाही, कारण मागणी ब्राउझरच्या पत्त्यातून, किंवा ब्राउझर बाजूला ठेवूनही, पाठवता येते. दुसरा म्हणजे ओळीने येणारे क्रमांक टाकून त्यांच्या जागी लांब यादृच्छिक क्रमांक वापरायचे. याने अंदाज करणे अवघड होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो क्रमांक एकदा कोणी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला, की मिळेल त्या सभासदाला बिल उघडता येते, म्हणजे अधिकाराची जागा येथे फक्त गुप्ततेने घेतलेली असते. खरी दुरुस्ती प्रश्नच बदलते :

```
SELECT * FROM bills
WHERE id = 4128 AND flat_no = 302;
```

या वाक्यात 302 हा आकडा कोठून आला, यावर सारे अवलंबून आहे. तो सर्व्हरने स्वतःच्या सेशन-नोंदीतून, म्हणजे ओळखपडताळणीच्या निष्पत्तीतून, घेतला असेल तर 4128 चे बिल सापडणार नाही आणि मागणी फेटाळली जाईल; परंतु तोही ब्राउझरकडून आलेल्या मागणीतूनच उचलला असेल, तर मागणाऱ्याने 4128 सोबत 303 पाठवले की दार पुन्हा सताड उघडे. दोन क्रियांचा खरा सांधा नेमका येथे आहे : ओळखपडताळणी जे उत्तर देते ते अधिकारतपासणीचे गृहीत असते, आणि हे गृहीत मागणाऱ्याच्या तोंडून ऐकायचे नसते.

हा दोष सापडतो कसा, हे सांगणे तितकेच आवश्यक आहे, कारण नेहमीच्या चाचणीत तो दिसत नाही. चाचणी करणारा एकाच खात्याने आत जातो, स्वतःचे बिल पाहतो, ते बरोबर दिसते आणि तो समाधानी होतो. दोष दिसण्यासाठी दोन खाती लागतात : पहिल्या खात्याने उघडलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता टिपून घ्यायचा आणि दुसऱ्या खात्याच्या सेशनने तोच पत्ता मागायचा. नकार मिळाला तर ठीक. पान उघडले तर अधिकारतपासणी राहून गेली आहे. हीच कसरत पाहण्याप्रमाणे बदलण्याच्या आणि पुसण्याच्या मागण्यांसाठीही करावी लागते, कारण वाचताना तपासणारा प्रोग्राम लिहिताना तपासतोच असे नाही.

अधिकारांचे नियम लिहायचे कसे, हा या शास्त्राचा सर्वांत विस्तीर्ण भाग आहे. बटलर लॅम्पसन यांनी 1971 साली मांडलेल्या कल्पनेनुसार सर्व अधिकारांचा एक तक्ता डोळ्यांसमोर आणता येतो, ज्याच्या आडव्या ओळी म्हणजे मागणी करणारे, उभे स्तंभ म्हणजे वस्तू आणि प्रत्येक चौकटीत त्या मागणाऱ्याला त्या वस्तूवर काय करता येईल याची नोंद. कल्पना सुबक आहे, पण वरील संस्थेत वर्षाला 1,440 बिले तयार होतात आणि सदनिकेमागे एकच सभासद धरला तरी तक्त्यात 1,72,800 चौकटी होतात. त्या हाताने भरणे शक्य नाही आणि भरल्या तरी त्यांतल्या बहुतेक रिकाम्याच राहतील. म्हणून प्रत्यक्षात तक्ता न लिहिता त्याच्या चौकटी ज्यांवरून काढता येतील असे नियम लिहिले जातात. ‘सभासद स्वतःच्या सदनिकेचे बिल पाहू शकतो’ हा मालकीवरचा नियम झाला. ‘खजिनदार सर्व बिले पाहू शकतो आणि पावती नोंदवू शकतो’ हा भूमिकेवरचा. भूमिका म्हणजे एका पदासोबत येणाऱ्या अधिकारांचा गठ्ठा, आणि तिचा फायदा असा की खजिनदार बदलला तर नियम बदलावे लागत नाहीत, त्या पदावरचे नाव तेवढे बदलते. मात्र भूमिकेने सारे प्रश्न सुटतात असे समजू नये. खजिनदाराला थकबाकीवरील व्याज माफ करण्याचा अधिकार दिला आणि खजिनदार स्वतःही त्याच इमारतीत राहतो, तर स्वतःचे व्याज माफ करण्याची मागणीही भूमिकेचा नियम मुकाट्याने मान्य करील. तेथे ‘स्वतःच्या सदनिकेचे सोडून’ अशी मालकीची उलटी अट भूमिकेला जोडावी लागते. आणि ज्या मागणीविषयी कोणताच नियम बोलत नाही, तिला उत्तर ‘नाही’ हेच असावे, हेही सॉल्टझर आणि श्रोडर यांनी सांगून ठेवले आहे.

नकार कसा द्यायचा यातही या दोन क्रियांचा भेद उमटतो, आणि वेबच्या प्रमाणित संकेतांमध्ये तो थोड्या विनोदी रीतीने उमटला आहे. मागणाऱ्याची ओळखच पटलेली नसेल, म्हणजे लॉगिन झालेले नसेल किंवा सेशनची मुदत संपली असेल, तर सर्व्हरने `401 Unauthorized` असे उत्तर द्यायचे असते. ओळख पटली आहे पण अधिकार नाही, तर `403 Forbidden`. पहिल्या संकेताचे इंग्रजी नाव अधिकार नसल्याचे सांगते आणि त्याचा अर्थ मात्र ओळख नसल्याचा आहे. जुने नाव चुकीचे पडले आणि चिकटून राहिले. व्यवहारात लक्षात ठेवण्याची खूण अशी की 401 मिळाल्यावर पुन्हा लॉगिन करून उपयोग होऊ शकतो, 403 मिळाल्यावर त्याच खात्याने कितीही वेळा लॉगिन केले तरी उपयोग नाही. काही प्रणाली 403 ऐवजी `404 Not Found` देणे पसंत करतात, कारण ‘तुला परवानगी नाही’ या उत्तरातून ती वस्तू अस्तित्वात आहे एवढे तरी कळतेच. बिलांच्या बाबतीत याने बिघडत नाही, परंतु एखाद्या रुग्णाच्या नावाची फाइल अमुक विभागात आहे एवढे कळणेही पुरेसे घातक असते.

उलट दिशेचा घोटाळाही होतो, म्हणजे अधिकाराचा कागद पाहून ओळख पटली असे मानले जाते. एका ॲपला दुसऱ्या सेवेतील आपली माहिती मर्यादित प्रमाणात वापरू देण्यासाठी ओऑथ 2.0 ही प्रमाणपद्धत 2012 साली निश्चित झाली. तिच्यात वापरकर्त्याच्या संमतीने ॲपला एक टोकन मिळते, आणि ते टोकन म्हणजे मुखत्यारपत्रासारखे असते. मुखत्यारपत्र दाखवणाऱ्याला त्यात लिहिलेले काम करता येते, पण म्हणून तो मालक होत नाही, आणि ते दाखवले जात असताना मालक तेथे हजर आहे असेही सिद्ध होत नाही. काही ॲपनी या टोकनावरूनच लॉगिन देण्यास सुरुवात केली, तेव्हा एका ॲपसाठी मिळालेले टोकन दुसऱ्या ॲपसमोर ठेवून परक्याच्या खात्यात शिरणे शक्य झाले. ओळखपडताळणीसाठी या पद्धतीवर रचलेली ओपनआयडी कनेक्ट ही वेगळी प्रमाणपद्धत 2014 साली आली. तिच्या ओळख-टोकनात, ते कोणासाठी दिले गेले याची `aud` नावाची नोंद असते आणि आपले नाव त्या नोंदीत नसेल तर ॲपने ते टोकन नाकारावे अशी अट असते.

शेवटी काळाचा प्रश्न उरतो, आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. डेटाबेसकडे वारंवार जाणे टाळण्यासाठी अनेक प्रणाली लॉगिनच्या वेळीच वापरकर्त्याची भूमिका टोकनात लिहून त्यावर सर्व्हरची सही करतात. पुढे प्रत्येक मागणीला सही खरी आहे एवढे पाहिले की काम भागते. संस्थेच्या सभेत रविवारी दुपारी खजिनदार बदलला आणि जुन्या खजिनदाराने सकाळी घेतलेले टोकन आठ तास चालणारे असेल, तर तो संध्याकाळपर्यंत खजिनदारच राहतो. त्याची ओळख खरी, टोकनावरची सही खरी, फक्त अधिकार शिळा. टोकनाची मुदत दहा मिनिटांवर आणली तर हा काळ दहा मिनिटांवर येतो आणि नूतनीकरणाच्या मागण्या तेवढ्या वाढतात; भूमिका टोकनात न लिहिता प्रत्येक वेळी डेटाबेसमधून वाचली तर शिळेपणा जातो आणि प्रत्येक मागणीमागे एक फेरी वाढते. अनुभवी रचनाकार येथे सरसकट एकच नियम लावत नाहीत : बिल पाहण्यासाठी दहा मिनिटे जुनी भूमिका चालवून घेतात, आणि व्याजमाफीची किंवा बँकखाते बदलण्याची मागणी आली की त्या क्षणी पदाधिकाऱ्यांच्या यादीत नाव आहे का, हे पाहूनच पुढे जातात.